ड्रमच्या आतल्या आठ रेघा (मदर्स डेच्या निमित्ताने, लातूरहून)

मांजराकाठची | रविवार, सकाळी ९:१०

आज सगळीकडे आईसोबतचे फोटो आहेत. माझ्याकडेही आहेत. पण गेले तीन आठवडे डोक्यात एकच गोष्ट आहे, ती इथे लिहिते. आईला विचारून लिहितेय. "लिही, पण नाव नको," म्हणाली.

मी पुण्यात बँकेत नोकरी करते. माहेर लातूरचं. एप्रिलमध्ये आईला अचानक डाव्या कुशीत कळ आली. कमरेतून जांघेत उतरायची, जोडीला उलट्या. दोन दिवस तिने "गॅस धरलाय" म्हणून ओवा खाऊन काढले. तिसऱ्या दिवशी पप्पांनी बळंच दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत लघवीच्या नळीत आठ मिलिमीटरचा खडा निघाला आणि वरची किडनी सुजलेली. दुर्बिणीतून लेझरने फोडला, आत स्टेंट घातला. मी दहा दिवसांची रजा टाकून गेले आणि घर हातात घेतलं.

आमच्याकडे नळ आजही रोज येत नाही. पाणी यायच्या आदल्या दिवशी मी पिण्याच्या पाण्याचा ड्रम घासायला काढला. शंभर लिटरचा निळा ड्रम, मी शाळेत असल्यापासूनचा. आत वाकून हात फिरवताना बोटांना खाचा लागल्या. मोबाईलचा उजेड पाडून बघितलं तर एकाखाली एक, सारख्या अंतराने खिळ्याने ओढलेल्या रेघा. मोजल्या, आठ निघाल्या.

आईला विचारलं. ती पडल्या पडल्या म्हणाली, "अगं, त्या टँकरच्या साली मारल्या होत्या. एका दिवसाला एक रेघ. रेघेखाली पाणी जाऊ द्यायचं नाही."

टँकरचं साल म्हणजे २०१६. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन अकरावीच्या क्लासला लागले होते. आमच्या गल्लीत टँकर आठवड्याने यायचा, कधी त्याहून उशिरा, आणि घरटी दोनशे लिटर मिळायचं. त्यातलं शंभर या ड्रममध्ये, पिण्याला आणि स्वयंपाकाला. बाकीचं वरखर्चाला. तेही पुरायचं नाही, म्हणून पप्पा रात्री लांबच्या बोअरवरून स्कूटरला कॅन बांधून आणायचे.

त्या रात्री मी तिच्या कॉटजवळ बसून हिशोब मांडला. शंभर लिटरला आठ दिवस, म्हणजे एका रेघेत साडेबारा लिटर. वरण, भात, कणीक, चहा, भाजी धुणं, सगळं काटकसरीने केलं तरी चार लिटर जातं. उरलं साडेआठ. पप्पा आडतीवर अडीच लिटरची कॅन न्यायचे. माझी क्लासची बाटली दीड लिटरची, घरी आल्यावर आणखी लिटरभर, म्हणजे अडीच. भावाचं दोन. आजीचं एक. झाले आठ.

पाचवं माणूस आई. तिच्या वाट्याला अर्धा लिटर उरतं, तेही लातूरच्या एप्रिल-मेमध्ये.

मी तिला म्हटलं, "मग तू काय प्यायचीस?" आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुमच्या बाटल्या यायच्या की परत."

आणि मला आठवलं. क्लासहून आल्यावर बाटलीत चार बोटं गरम पाणी उरलेलं असायचं. मी ते तुळशीला ओतायला निघाले की ती म्हणायची, "ओतू नको, ठेव तिथं." मला वाटायचं भांडी विसळायला ठेवत असेल. दहावी पास झालेली मुलगी होते मी, बारीकसारीक सगळं कळत होतं, आणि हे एकदाही विचारलं नाही. संध्याकाळी माझी बाटली, भावाची बाटली आणि पप्पांची कॅन या तिन्हींतलं उरलेलं ती आपल्या तांब्यात गोळा करायची.

त्या साली पाऊस चांगला झाला, धरण भरलं. पण तिची सवय तीच राहिली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला किती पाणी पिता? म्हणाली, "तांब्याभर." वर सांगितलं, "मला तहानच लागत नाही."

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, तुमच्या घरात असा कुणाच्या वाट्यातून वजा झालेला हिशोब आहे का? दोन, आता तिला पाणी प्यायला लावायचं कसं? मी पुण्यातून फोनवर विचारते, ती "पिले की" म्हणते. मला ते खरं वाटत नाही.

---

तेरणाकाठ | ९:४२

वाचून उठले आणि आईला पाणी नेऊन दिलं. ती म्हणाली, "काय गं, आजारी हायेस का?"

---

बोअरवाले_काका | १०:०५

ताई, तळमळ पोचली. पण खड्याचं खरं कारण तुमच्या भागातलं बोअरचं पाणी आहे. जड पाणी, क्षार भयंकर. आमच्या हौदाच्या भिंतीवर पांढरा थर बसतो, तोच पोटात बसतो. घरी आरओ बसवा आणि आईचं दूध, दही बंद करा. कॅल्शियमचाच खडा असतो. माझा स्वतःचा २०११ ला निघाला, तेव्हापासून मी दूध सोडलं, परत झाला नाही.

---

मांजराकाठची | १०:२०

काका, दूध बंद करायला मला कुणी सांगितलं नाही. खड्याचा तुकडा तपासायला दिला होता, कॅल्शियम ऑक्झॅलेट असं आलंय. कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा.

---

स्टाफनर्स_उदगीर | ११:३५

ड्युटीवरून आले, म्हणून उशीर. बावीस वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीच लघवीच्या विकारांच्या वॉर्डात.

काकांचं अर्धं बरोबर आहे. बहुतेक खडे कॅल्शियमचेच असतात. पण म्हणून दूध सोडायचं नसतं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला धरून ठेवतं आणि ते शौचावाटे निघून जातं. दूध, दही अगदी बंद केलं तर तेच ऑक्झॅलेट मोकळं राहून लघवीत उतरतं. त्यामुळे साधं घरचं दही, ताक चालू ठेवा. डॉक्टरांना न विचारता कॅल्शियमच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत. जड पाण्याचं म्हणाल, तर हौदावर थर बसतो तसा किडनीत बसत नाही. पाणी कसं आहे यापेक्षा ते किती पोटात जातं, याने जास्त फरक पडतो. काका, तुम्हाला परत खडा झाला नाही ही चांगली गोष्ट आहे, पण त्या वेळी पाणीही वाढवलं असेल, आठवून बघा.

कमी करायचं ते मीठ. आपल्याकडे ठेचा, लोणचं, पापड, वर ताटात मीठ वाढून घ्यायची सवय. मीठ जास्त गेलं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. हे आईला समजावून सांगा.

आता पाणी. आमच्याकडे पेशंटला "तीन लिटर प्या" सांगतात आणि तो मान डोलावतो. मी तसं सांगत नाही. खरा हिशोब आत किती गेलं यापेक्षा बाहेर किती आलं याचा असतो. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी. आपल्या उन्हात घामच इतका जातो की तेवढी व्हायला तीन लिटरही कमी पडतं. म्हणून बायकांना मी रंग बघायला सांगते. सकाळची पहिली लघवी गडद असणारच, ती धरायची नाही. दुपारी जेवणाआधीची बघायची. पाण्यासारखी किंवा अगदी फिकट असली तर ठीक. गडद पिवळी असली तर पाणी कमी पडलंय. फोनवर "किती प्यालीस" विचारू नका, "दुपारी रंग कसा होता" विचारा. याचं उत्तर "पिले की" असं देता येत नाही.

एक मात्र स्पष्ट सांगते, राग मानू नका. २०१६ च्या त्या उन्हाळ्यामुळे आत्ताचा खडा झाला, असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. घराण्यात असतं, खाण्यात असतं, कुणाकुणाला भरपूर पाणी पिऊनही होतो. मधल्या इतक्या वर्षांची तांब्याभर पाण्याची सवय मात्र नक्की धोक्याची आहे.

आणि स्टेंट काढलाय ना? कधी काढायचा ती तारीख लिहून ठेवा. बरं वाटलं की लोक येतच नाहीत. आत महिनोन्‌महिने राहिलेल्या स्टेंटवरच खडे चढलेले मी पाहिलेत.

---

मांजराकाठची | ११:५८

मॅडम, खूप उपकार. स्टेंटची तारीख येत्या गुरुवारची आहे. भावाला आत्ताच पाठवली.

२०१६ चं तुम्ही म्हणता ते मला पटवून घ्यायला जड जातंय, पण खोटं नाही. दोष कुठेतरी टेकवायला मी ते वर्ष धरून बसले असेन. तरी त्या आठ रेघा डोळ्यांसमोरून जात नाहीत.

---

गोदातीर_परभणी | दुपारी १२:३०

सगळं आईवरच का? तुमच्याच लिखाणात वडील रात्री स्कूटरला कॅन बांधून पाणी आणायचे असं आहे. दिवसभर आडतीवर हमालांच्या मागे उभं राहायचं आणि रात्री बोअरच्या रांगेत. तो त्याग नाही का? माझे वडील त्याच दुष्काळात टँकरवर ड्रायव्हर होते, दिवसाला चार-चार खेपा. त्यांच्यासाठी कुणी धागा काढला नाही.

---

मांजराकाठची | १२:५२

बरोबर आहे दादा. पप्पांचं कष्ट कमी नव्हतंच. पण ते आम्हाला दिसत होतं. स्कूटरचा आवाज आला की आजी म्हणायची, "आलं गं लेकरू पाणी घेऊन." आम्ही कॅन उतरवायला धावायचो. पप्पा दमून बसले की त्यांना पहिला पेला आम्हीच द्यायचो.

आईच्या बाबतीत दिसण्यासारखं काही नव्हतं. न पिलेलं पाणी कुणाला दिसणार? म्हणून तिच्यावर लिहिलं. तुमच्या वडिलांवर तुम्ही लिहा, मी नक्की वाचेन.

---

गोदातीर_परभणी | १:०४

हे पटलं. लिहीन.

---

सोलारपंप_औसा | १:२५

नळाला पाणी कमी दाबाने येत असेल तर जमिनीखाली हौद बांधून घ्या. वरच्या टाकीला अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार पुरते. नळाला थेट मोटार लावू नका, शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं आणि पालिकेची माणसं मोटार उचलून नेतात. घर किती मजली आहे?

---

मांजराकाठची | १:३३

दादा, हौद आहे आमच्याकडे, २०१७ मध्ये बांधला. आता पाणी पुरतं. पुरत असूनही आई पीत नाही, हा माझा प्रश्न आहे.

---

प्रज्ञा_बीड | २:४०

मी कमी बोलणारी आहे, पण आज लिहिते.

माझी आई सोळा हंगाम ऊसतोडीला गेली. आम्ही मागे आजीकडे. कोपीवर संडास नाही. पहाटे अंधारात जायचं आणि मग थेट रात्री. मधल्या वेळात फडात गडीमाणसं, मुकादम, ट्रॅक्टरवाले. म्हणून आई दिवसभर पाणीच प्यायची नाही. ओठ सुकले की ऊस चावायची. तिला दरवर्षी लघवीची आग व्हायची. कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखी गोष्टच नव्हती ती.

आता आई माझ्याकडे आहे. मी अंगणवाडीत काम करते, घरात संडास आहे, नळ आहे. तरी घराबाहेर पडायचं असेल तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद. एसटीने तासाभराच्या गावाला जायचं असलं तरी. ताई, तुमची आई "तहान लागत नाही" म्हणते ना? तिला एकदा विचारा, तहान लागत नाही की उठावं लागतं म्हणून नको वाटतं. माझ्या आईने या दुसऱ्या गोष्टीला पहिलं नाव दिलं होतं.

---

स्टाफनर्स_उदगीर | ३:१५

प्रज्ञाताई, अगदी हेच. वॉर्डात "तहान लागत नाही" म्हणणाऱ्या दहा बायकांना बाजूला घेऊन बसलं की निम्म्या जणी वेगळंच सांगतात. संडास लांब आहे, रात्री पायरी उतरावी लागते, सासऱ्यांच्या खोलीतून जावं लागतं, तिथे टाकायला पाणी लागतं. अडचण तिथे असेल तर बाटलीवर बाटली भरून काही होत नाही, आधी ती अडचण काढावी लागते.

आणि लघवी दाबून धरली, वर पाणीही कमी, की इन्फेक्शनला वाट मिळते. आग होत असेल तर एकदा तपासून घ्या, दरवर्षीचंच आहे म्हणून सोडू नका. खड्याच्या पेशंटला कळेसोबत थंडी वाजून ताप आला, तर मात्र सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच न्यायचं.

---

बोअरवाले_काका | ३:४०

मॅडम, आठवून बघितलं. तेव्हा डॉक्टरांनी मला पाण्याची बाटली सोबत ठेवायला सांगितली होती आणि मी ती ठेवायचो, अजूनही ठेवतो. दुधाचं घरी बोलतो. पण जड पाण्याबद्दल माझं मन अजून मानत नाही. आमच्या गल्लीत चार घरांत खडे आहेत, चारही घरं एकाच बोअरवर.

---

स्टाफनर्स_उदगीर | ३:५२

काका, त्या चार घरांत कोण किती पाणी पितं, उन्हात कोण राबतं, हेही बघावं लागेल. पाणी तपासून घ्यायला हरकत नाही, क्षार किती ते तरी कळेल. त्यावरून खड्याचं कारण ठरणार नाही, एवढंच माझं म्हणणं.

---

तेरणाकाठ | ४:१०

मांजराकाठची, आईला पुण्याला का नेत नाहीस? डोळ्यासमोर राहील.

---

मांजराकाठची | ४:३८

दोनदा आणलं होतं. दहा दिवसांत "माझा जीव गुदमरायलाय इथं" म्हणाली. इथे मी सकाळी आठला निघते आणि रात्री आठला येते. तिला दिवसभर चार भिंती. आजी तिकडे, पप्पा तिकडे. तिला इथे ठेवणं माझ्या मनाच्या समाधानासाठी होतं, हे तेव्हाही कळत होतं. यावर माझ्याकडे आज तरी उत्तर नाही.

प्रज्ञाताई, तुमचं वाचून लगेच फोन केला. सरळ विचारलं. आधी "काहीतरीच विचारतीस" म्हणाली. मग हळूच म्हणाली, संडास मागच्या अंगणात आहे, मधली पायरी उंच आहे, आणि ऑपरेशन झाल्यापासून उठताना ओढ लागते. आजीला जाग येते म्हणून ती रात्री लाईट लावत नाही. संध्याकाळी सहानंतर ती पाणीच पीत नाही. हे कधीपासून विचारलं तर म्हणाली, "पहिल्यापासूनच."

मी त्या घरात अठरा वर्षं राहिलेय. ती पायरी मी उड्या मारत उतरायचे.

---

प्रज्ञा_बीड | ४:५५

पायरीच्या मध्ये एक वीट-सिमेंटची अर्धी पायरी घालून घ्या आणि भिंतीला धरायला पाईप. मी तेच केलं. गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरी आणि सिमेंटचं निम्मं पोतं. बल्ब अंगणातच लावा, बटण खोलीच्या दाराशी. म्हणजे आजींच्या डोळ्यावर उजेड येणार नाही.

माझी आई आता रात्री उठते. प्रवासाआधीचं मात्र अजून सुटलेलं नाही.

---

मांजराकाठची | रात्री ९:२०

भावाला सगळं सांगितलं. गवंडी बुधवारी येतो म्हणालाय. गुरुवारी स्टेंट.

भावाने संध्याकाळी एक फोटो पाठवला. आईने माझी क्लासची जुनी बाटली माळ्यावरून काढली आहे. तीच, दीड लिटरची, झाकणाची दोरी तुटलेली. तिच्यावर खिळ्याने तीन रेघा मारल्या आहेत. भावाला म्हणाली, "तुझ्या ताईला सांग, ही एक सकाळी आणि एक दुपारी. रंगाचं उद्यापासून बघते." तिसऱ्या बाटलीचं काही बोलली नाही.

फोटो दुपारी चारचा आहे. पाणी दुसऱ्या रेघेच्या थोडं वर आहे. मी मोठा करून दोनदा बघितलं. त्या वेळेला ते तिसऱ्या रेघेखाली जायला हवं होतं. उद्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करून रंग विचारणार आहे.